१५ वर्षांचा भाचा एकटा टोरांटोला: विमान कंपनीचा फॉर्म, संमतिपत्र आणि तिथली विचारपूस

लातूरकर_मामा
नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीचा मुलगा, वय १५ पूर्ण, ऑगस्टच्या मध्यात एकटा कॅनडाला जाणार आहे. दाजी तिथे पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर आहेत, मागच्या वर्षीच पोहोचले. अर्ज तिघांचा एकत्रच होता. ताईच्या आणि मुलाच्या पासपोर्टवर व्हिसा लागला आहे आणि पीआरचं कन्फर्मेशनचं कागदपत्र हातात आहे. त्यावर शेवटची तारीख ३० सप्टेंबर. ताईच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन असल्यामुळे ताई सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघणार. पण तिथली शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर सुरू होते, म्हणून लेकरू आधी पाठवायचं चाललंय.

लातूरच्या एजंटनं मुंबईहून एका आखाती शहरामार्गे तिकीट काढून देतो म्हटलं. मधे नऊ तासांचा थांबा, रात्रीचा. आणि म्हणाला, "बारा वर्षांपुढं कायबी लागत नाही, मोठ्याचंच तिकीट असतं." हे खरं का? फॉर्म कोणता भरायचा, सोबत कोण देतं, आणि तिथल्या विमानतळावर काय विचारतात?

परभणी_एक्स्प्रेस
एजंट बरोबर सांगतोय. बारानंतर भाडं मोठ्याचं लागतं आणि मूल एकटं जाऊ शकतं. कंपनीचा माणूस बरोबर देण्याची सोबतीची सेवा पाच ते अकरा वर्षांच्या लेकरांना असते. पंधराच्या पोराला गळ्यात पाकीट अडकवून कशाला पाठवायचं? त्याला लाज वाटंल. फक्त जाताना डिपार्चर कार्ड नीट भरायला शिकवा, तिथं पोरं अडकतात.

मांजराकाठ
परभणीकर, अर्धं बरोबर आहे. भाडं बारापासून मोठ्याचं, हे खरं. पण मोठ्याचं भाडं भरलं म्हणजे कंपनीच्या लेखी तो मोठा झाला असं नाही. प्रत्येक कंपनीचा वयाचा नियम वेगळा. अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्यांत चौदा वर्षांपर्यंत ही सेवा सक्तीची आहे. एअर कॅनडाकडे आठ ते अकरा सक्तीची आणि बारा ते सतरा मागितली तर मिळते, तीही फक्त थेट विमानाला. काही कंपन्या ही सेवा देतच नाहीत, एका विशिष्ट वयाखालचं मूल एकटं घ्यायलाच नकार देतात. म्हणून आधी कंपनी ठरवायची, तिचा नियम तिच्याच कॉल सेंटरकडून ऐकायचा आणि मग तिकीट काढायचं. एजंटच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका.

आणि डिपार्चर कार्ड भारतीय प्रवाशांसाठी जुलै २०१७ पासून बंद आहे. इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंग पास एवढंच द्यायचं.

मामा, मला त्या नऊ तासांच्या थांब्याची जास्त काळजी वाटते. सोबतीची सेवा घेतलेलं मूल बऱ्याच कंपन्या रात्रीच्या थांब्यावर किंवा दुसऱ्या कंपनीच्या विमानात बदली असेल तर घेत नाहीत. सेवा न घेता पाठवलं तर पहिलं विमान उशिरा पोहोचून पुढचं सुटल्यावर तो त्या देशात एकटा राहतो. मोठ्या माणसाला कंपनी हॉटेलचं कूपन हातात देते. १५ वर्षांच्या मुलाला एकट्याला खोली द्यायला हॉटेलं तयार नसतात. मग रात्रभर खुर्चीवर बसायचं, फोनची बॅटरी संपलेली, आणि इकडं घरच्यांना काही कळत नाही. तिकिटावर एकाच कंपनीचं नाव दिसलं तरी मधला एखादा टप्पा भागीदार कंपनी उडवत असते, तेही बारीक अक्षरात वाचून घ्या.

लातूरकर_मामा
मग काय करावं? मुंबईहून थेट तर आम्हाला सापडेना.

मांजराकाठ
दिल्लीहून टोरांटोला थेट विमान आहे. ताईंनी किंवा तुम्ही मुलाला घेऊन दिल्लीपर्यंत जावं आणि तिथं त्याला एकाच विमानात बसवावं. छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीचं विमान मिळतं, नाहीतर नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस आहे. तुमचं दिल्लीचं तिकीट वेगळं, मुलाचं टोरांटोचं वेगळं. एक दिवस आधी पोहोचा. गाडी चार-पाच तास उशिरा आली तरी विमान चुकणार नाही एवढी जागा हवी.

पैसे थोडे जास्त जातील. पण थेट विमानात मुलाला फक्त दोन जागी माणसांशी बोलावं लागतं, चढताना आणि उतरताना. मधे तिसरा देश नाही, दुसरी सुरक्षा तपासणी नाही, चुकायला जागा नाही.

उदगीरची_वीणा
तिकिटांच्या कामात वीस वर्षं काढली आहेत, म्हणून फॉर्मचं मी सांगते.

ही सेवा तिकीट काढल्यावर आपोआप लागत नाही. कंपनीला फोन करून मागावी लागते, आणि किमान दोन-तीन दिवस आधी, कारण एका विमानात अशी किती मुलं घ्यायची याची कंपनीची मर्यादा असते. मी तर सांगेन, तिकीट काढण्याआधीच फोन करा. "या तारखेच्या विमानात जागा आहे का" हे विचारून मगच पैसे भरा. शुल्क वेगळं लागतं. वेबसाइटवर ऑनलाइन चेक-इन बहुतेक वेळा होत नाही, काउंटरवरच जावं लागतं. ते होत नाही म्हणून तिकिटात घोळ आहे असं समजून घाबरू नका.

फॉर्मवर तीन माणसं असतात: मूल, सोडणारा आणि घेणारा. घाई होते ती घेणाऱ्याच्या ओळीत. तिथं घरातलं नाव, टोपणनाव किंवा नुसतं आद्याक्षर चालत नाही. टोरांटोच्या दाजींच्या ज्या ओळखपत्रावर फोटो आहे, त्यावर नाव जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आणि तिकडच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर कधी मधलं नाव गळालेलं असतं. दाजींना आत्ताच विचारा, विमानतळावर कोणतं ओळखपत्र दाखवणार. फॉर्म त्यावरून भरा, पासपोर्टवरून अंदाजानं नको.

फोन नंबर देशाच्या कोडसकट लिहा, आणि फॉर्ममध्ये पर्यायी माणसाची ओळ असेल तर ती रिकामी सोडू नका. फॉर्मवर नाव नसलेल्या माणसाकडे कर्मचारी मूल देत नाहीत. दाजी रस्त्यात अडकले आणि त्यांनी मित्राला पाठवलं, तर मित्र तिथं नुसताच उभा राहील.

परभणी_एक्स्प्रेस
विमानात त्याच्या शेजारी कुणी बसतं का मग? एवढे पैसे घेतात तर.

उदगीरची_वीणा
नाही. हा गैरसमज फार आहे. सोबत म्हणजे जमिनीवरची सोबत. काउंटरपासून इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, विमानाचं दार इथपर्यंत कंपनीचा कर्मचारी बरोबर असतो. दारात तो मुलाला आणि कागदांच्या पाकिटाला विमानातल्या मुख्य कर्मचाऱ्याच्या हवाली करतो आणि सही घेतो. विमानात मूल आपल्या जागेवर एकटंच असतं, फक्त त्यांच्या लक्षात असतं. उतरल्यावर पुन्हा सही, पुन्हा जमिनीवरचा कर्मचारी, आणि शेवटची सही दाजींची. मूल कुणाच्या ताब्यात आहे ते प्रत्येक टप्प्यावर कागदावर येतं, पैसे त्याचे आहेत. औषध कर्मचारी देत नाहीत. काही गोळ्या चालू असतील तर त्या त्यानं स्वतः घ्यायला शिकलेलं असलं पाहिजे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत बरोबर हवी.

सोडायला आलेल्यानं विमान उडेपर्यंत विमानतळ सोडायचं नाही, फोन चालू ठेवायचा. लोक काउंटरवर निरोप घेऊन परतीच्या गाडीला पळतात. विमान धावपट्टीवरून परत आलं, रद्द झालं, तर मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं हा प्रश्न कंपनीपुढे उभा राहतो. परतीचं तिकीट त्या रात्रीचं काढू नका.

नांदेड_गोदाकाठ
मूल सोडायला आत जाता येतं का? दाराशी सीआयएसएफ तिकीट बघूनच आत सोडतं ना.

उदगीरची_वीणा
बरोबर. तिकीट नसलेल्याला दारातच थांबवतात. सेवा बुक करतानाच विचारायचं, "सोडणारा काउंटरपर्यंत कसा येणार?" कुठं कंपनीचा माणूस दाराशी येतो, कुठं पास काढून देतात. विमानतळानुसार आणि दिवसानुसार हे बदलतं, म्हणून छातीठोक सांगत नाही. सोडणाऱ्यानं मूळ ओळखपत्र जवळ ठेवायचं आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचायचं. फॉर्म काउंटरवर पुन्हा तपासतात, त्यात वेळ जातो.

बीडचा_वकील
संमतिपत्राबद्दल कुणीच बोललं नाही. मामा, आई-वडिलांचं शपथपत्र ५०० च्या बाँडवर करा, नोटरी करा, मग परराष्ट्र मंत्रालयातून अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का, करून घ्या. त्याशिवाय कॅनडा आत घेणार नाही.

मांजराकाठ
वकीलसाहेब, नोटरी जरूर करावी. पण बाँड आणि अपॉस्टिल या दोन्हींत मामांचे पंधरा दिवस जातील आणि कॅनडानं ते मागितलेलंही नाही. एकट्या येणाऱ्या अल्पवयीन मुलाजवळ स्वतःचा पासपोर्ट, जन्मदाखल्याची प्रत आणि आई-वडिलांच्या सहीचं इंग्रजी किंवा फ्रेंचमधलं पत्र असावं, एवढं त्यांच्या इमिग्रेशन खात्याचं सांगणं आहे. पत्रात आई-वडिलांचा पत्ता आणि फोन, आणि तिथे मुलाची काळजी घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव, पत्ता, फोन हवा. साध्या कागदावर टाइप केलेलं चालतं. नोटरीमुळे सही कुणाची हे स्पष्ट होतं, म्हणून ती करायची. नोटरीचा शिक्का नुसता मराठीत असेल तर खाली इंग्रजीत नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. तिथला अधिकारी देवनागरी वाचणार नाही.

आता तुमचीच केस घेऊ. ताई लातुरात, दाजी टोरांटोत. एका कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या तर कागद कुरिअरनं जायला-यायला वेळ लागतो. त्यापेक्षा दोन पत्रं करा. ताईंचं पत्र लातुरात नोटरीसमोर सही करून, मूळ प्रत मुलाच्या पाकिटात. दाजींचं पत्र टोरांटोत नोटरीसमोर, त्याची रंगीत प्रत मुलाजवळ आणि मूळ कागद दाजींच्या हातात, विमानतळावर. अधिकाऱ्याला शंका आली तर तो दाजींना फोन लावतो किंवा बाहेर शोधतो, तेव्हा मूळ कागद तिथंच असतो.

दोन्ही पत्रांत विमानाचा क्रमांक आणि तारीख एकच असू द्या. तारीख बदलली तर पत्र नवीन करा, खाडाखोड नको. "माझा मुलगा कॅनडाला जाण्यास माझी हरकत नाही" एवढं पुरत नाही. तो तिथे वडिलांजवळ कायम राहायला चाललाय आणि आई अमुक तारखेला येणार आहे, हे एका वाक्यात यावं. एकटा का आला, हा पहिला प्रश्न त्यातच सुटतो.

बीडचा_वकील
मान्य. आपल्याकडच्या कामांत बाँड लागतो म्हणून हात तिकडंच जातो. पण वडील तिथंच घ्यायला उभे आहेत, मग वडिलांचं पत्र कशाला? एक आईचं पुरे.

मांजराकाठ
तर्क बरोबर वाटतो, पण काउंटरवरच्या माणसाला बाहेर उभे असलेले वडीलच आहेत हे कसं कळणार? ते कागदावरूनच कळतं. आणि दिल्लीत चेक-इन करणाऱ्यासमोर तर वडील नसतातच. दोन पानांचं काम आहे, दोघांचीही करा.

जालना_प्रश्न
मधेच विचारते, माफ करा. आमच्या घरातली मुलगी १३ वर्षांची, दुबईला आईकडे जायची आहे. आई-वडिलांचा घटस्फोट झालाय. वडिलांची सही मिळत नाही. पासपोर्टही अडलाय. मामांसारखंच पत्र चालेल का?

बीडचा_वकील
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, इथल्या पत्रानं सुटणार नाही. दोघांची संमती असेल तर मुलाच्या पासपोर्टला परिशिष्ट डी नावाचं पालकांचं घोषणापत्र लागतं. एका पालकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट सी, आणि ताब्याचा न्यायालयाचा हुकूम असेल तर तो बरोबर. हुकुमात मुलीला परदेशी नेण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. प्रवासाची बंदी असेल तर परिशिष्टानं ती उठत नाही. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहितो.

रेणापूर_शिक्षक
मामा, जन्मदाखला कोणता आहे ते बघा. आमच्या भागात जुने दाखले हातानं लिहिलेले, नुसते मराठीत, आणि आईचं फक्त पहिलं नाव. ताईंच्या पासपोर्टवर सासरचं पूर्ण नाव असणार. तिथल्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवले तर ही तीच बाई हे त्याला समजणार नाही.

लातूरकर_मामा
सर, अगदी तसंच आहे! दाखल्यावर ताईचं माहेरचं नाव आहे. आता?

रेणापूर_शिक्षक
जिथं जन्माची नोंद आहे त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मराठी-इंग्रजी दाखला नव्यानं मागा, मूळ नोंद तीच राहते. माहेरच्या नावाचा दुवा विवाह नोंदणीच्या दाखल्यानं जोडा, त्याची प्रत पाकिटात ठेवा. दाखल्यात नाव बदलून घ्यायच्या भानगडीत आता पडू नका. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि पीआरच्या अर्जात जो दाखला दिला त्याच्याशी तो जुळणार नाही.

मांजराकाठ
सरांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अर्जात जे दिलं तेच पुन्हा दाखवायचं.

आता टोरांटोला उतरल्यावर काय होतं ते. तो पाहुणा म्हणून जात नाहीये, पहिल्यांदा पीआर म्हणून उतरतोय. त्यामुळे पहिल्या तपासणीनंतर त्याला इमिग्रेशनच्या वेगळ्या दालनात पाठवतात. यात संशयाचं काही नाही, नव्यानं येणाऱ्या सगळ्यांनाच तिथं जावं लागतं. मुलाला हे आधी सांगा, नाहीतर "मला पकडलं" असं वाटून तो गोंधळतो. तास-दोन तास लागू शकतात. दाजींनी बाहेर पार्किंगचे पैसे वाढतात म्हणून हलायचं नाही.

कन्फर्मेशनच्या कागदावर आधी सही करायची नाही. अधिकारी सांगेल तेव्हा, त्याच्यासमोर. हा कागद आणि पासपोर्टवरचा व्हिसा, दोन्ही हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत टाकला तर ती बॅग पट्ट्यावर असते आणि मूल दालनात. तुमच्या केसमध्ये एक गोष्ट आधीच ठीक आहे: मुख्य अर्जदार दाजी आणि ते आधी पोहोचलेत. मुख्य अर्जदाराच्या आधी घरचे उतरू शकत नाहीत. दाजींच्या पीआर कार्डाची प्रत मुलाजवळ द्या.

प्रश्न साधे असतात. कुणाकडे चाललास, ते काय काम करतात, कुठे राहणार, आई कुठे आहे, कधी येणार, तिकीट कुणी काढलं, बरोबर किती पैसे आहेत. बापाचा फोन नंबर आणि घराचा पत्ता पाठ हवा, मोबाइलमध्ये सेव्ह केलेला नव्हे. तिथं उतरल्यावर इथलं सिम चालेलच असं नाही, म्हणून कागदावरही लिहून द्या.

उत्तरं मात्र घोकून घेऊ नका. पाठ केलेलं वाक्य ऐकलं की अधिकारी प्रश्न उलटा करतो. "बाबांच्या घरात किती खोल्या?" असं विचारलं की पोर अडखळतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. इंग्रजी अडलं तर दुभाषा मागता येतो, हिंदी किंवा मराठी सांगावं. दिल्लीच्या इमिग्रेशनलाही एकटा का, असं विचारू शकतात. तिथं ताईंचं पत्र पुढं करायचं.

परभणी_एक्स्प्रेस
बरं, मी सेवेबद्दल चुकलो. पण खाण्याचं? आज्जी बॅगेत काळा मसाला, शेंगाची चटणी, लोणचं कोंबणारच.

उदगीरची_वीणा
कोंबू द्या, पण मुलाला यादी द्या. तिथल्या घोषणेत खाण्याचे पदार्थ आहेत का, याला "हो" म्हणायचं, मग काय आहे ते दाखवायचं. सांगून काढून घेतलं तर फक्त वस्तू जाते. लपवलेलं सापडलं तर दंड होतो. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं, माती लागलेलं काही नको. आज्जीला कढीपत्त्याचं आधीच सांगा, तो मसाल्याच्या डब्यात वरून टाकतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

लातूरकर_मामा
फार उपयोग झाला. दिल्लीचं ठरवतो, ताई स्वतः सोडायला जाईल. उद्या नगरपालिकेत दाखल्याचं बघतो. सेवा घ्यायची का नाही, यावर घरात दोन मतं आहेत. पोरगा नको म्हणतोय.

मांजराकाठ
थेट विमान असेल तर १५ वर्षांच्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला सेवेशिवाय पाठवणारे पुष्कळ आहेत. माझं मत घ्या असंच आहे, कारण पीआरच्या दालनात कंपनीचा माणूस बाहेर दाजींना निरोप देऊ शकतो. वीणाताईंचं मत वेगळं असू शकतं.

पण मामा, मला दुसरीच गोष्ट खुपतेय. ताईंच्या कागदावरही ३० सप्टेंबरच आहे ना? तिसऱ्या आठवड्याचं तिकीट म्हणजे हातात आठ-दहा दिवस. ऑपरेशन पुढं ढकललं गेलं किंवा सासूबाईंना बरं व्हायला वेळ लागला, तर ती तारीख वाढवून मिळेल असं धरून चालू नका. ती वैद्यकीय तपासणी आणि पासपोर्टच्या मुदतीशी बांधलेली असते. ताईंनी मुलाबरोबरच ऑगस्टमध्ये जाऊन पीआर म्हणून उतरावं आणि ऑपरेशनसाठी परत यावं, असं जमतं का बघा. मग सोबतीचा प्रश्नही उरत नाही. मात्र परत जाताना विमानात चढायला ताईंना पीआर कार्ड लागेल, आणि ते टपालानं यायला काही आठवडे लागतात. ते दाजींच्या पत्त्यावर येईल आणि दाजींना इकडं पाठवावं लागेल.

लातूरकर_मामा
हे डोक्यातच आलं नव्हतं. दोघांच्या तिकिटाचा खर्च आणि ऑपरेशनची तारीख, दोन्ही बघावं लागेल. आज रात्री दाजींना फोन लावतो आणि डॉक्टरांकडून तारीख पक्की करून घेतो, मग इथं लिहितो.

उदगीरची_वीणा
तोवर कुठलंही तिकीट काढू नका, एजंटनं "आज रात्री भाव वाढतोय" म्हटलं तरी. आणि ताई जाणार असतील तर मुलाचं आणि ताईंचं तिकीट एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळ्या बुकिंगवर असलं आणि विमान बदललं, तर कंपनी दोघांना वेगळ्या विमानात टाकू शकते.